'तुमच्यात सगळे असंच करतात ना?'

*ताई, मी म्हापशाचा. ॲपवर कण्णूरच्या एका मुलीशी मॅच झालं, ती पणजीत नोकरी करते. आम्ही हिंदीत बोलतो. तिच्या प्रोफाइलवर ओणमच्या फुलांच्या रांगोळीचा फोटो आहे. मी विचारलं, 'तुम्हा मल्याळी लोकांत सगळे ओणमला शाकाहारीच जेवत असणार ना?' ती 'हम्म' म्हणाली आणि गप्प झाली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझं काय चुकलं?*

प्रश्नातच तुम्ही उत्तर घालून पाठवलंत. तिला एक तर मान हलवायची होती, नाहीतर तुम्हाला दुरुस्त करायचं होतं. त्यात 'तुम्हा लोकांत सगळे' म्हटलं की तिला एकटीला अख्ख्या केरळच्या वतीने बोलावं लागतं. कळंगुटला आलेला पर्यटक 'तुम्ही गोंयकार रोज फेणी घेत असणार ना?' म्हणतो तेव्हा आपल्यालाही पुढे बोलावंसं वाटत नाही.

गंमत म्हणजे तुमचा अंदाज नेमका तिच्याच गावाकडे चुकण्याची शक्यता जास्त. ओणमची सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण, केरळात बऱ्याच ठिकाणी शाकाहारी असते आणि नेटवर तेच वाचायला मिळतं. पण उत्तरेकडे, कण्णूर-कोळिकोडच्या बाजूला, कित्येक घरांत त्या पानावर मासे नाहीतर चिकनही वाढतात. 'तुझ्या घरी ओणमला काय काय असतं?' एवढंच विचारलं असतंत, तर हे तिनेच सांगितलं असतं.

आता लांबलचक माफीनामा लिहू नका, त्याने तिलाच तुमची समजूत काढावी लागेल. एवढं पुरे: 'परवा मी उगाच अंदाजाने बोललो, सॉरी. तुझ्या फोटोतलं पूकळम कुणी घातलं?' पूकळम म्हणजे तीच फुलांची रांगोळी. तिने स्वतःहून लावलेला फोटो आहे, म्हणजे त्यावर बोलायला तिला आवडण्याचा संभव आहे. उत्तर आलं तर त्याचाच धागा धरा. पूकळम अत्तम या पहिल्या दिवसापासून तिरुवोणम या मुख्य दिवसापर्यंत दहा दिवस घालायची रीत आहे, पण नोकरी-धंद्यात सगळ्यांना ते जमतंच असं नाही. म्हणून 'दहाही दिवस घालता की शेवटच्या दिवशीच? फुलं कुठून आणता?' असं विचारता येईल.

मग लगेच तिसरा प्रश्न टाकू नका, नाहीतर तिला मुलाखत दिल्यासारखं वाटेल. तिथे आपलं काही सांगा. ओणम आणि चवथ बहुधा आगेमागेच येतात. तुमच्याकडे गणपतीवर माटोळी बांधत असतील, तर नारळ, सुपारीची शिपटी, रानातली फळं कोण आणतं, कोण बांधतं ते लिहा, फोटो असेल तर पाठवा. त्यावर ती काही विचारते का, ते पाहा. विचारलं तर गप्पा दोन्हीकडून चालू झाल्या असं समजा.

आडनाव मात्र इतक्यात खोदून विचारू नका. केरळात नावापुढचं अक्षर कधी घराण्याचं, कधी वडिलांच्या नावाचं असतं, आणि 'पूर्ण नाव काय?' मागे जातीची चौकशी असते हे तिलाही आपल्याइतकंच कळतं.

त्या सॉरीच्या मेसेजला उत्तर आलंच नाही, तर दुसरा पाठवू नका.