आधी निकालाचं शेवटचं पान वाच

काल सांगलीच्या बार रूममधून तू पाठवलेले सहा फोटो बघितले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. टिपण काढायला बसण्याआधी फोटो पान क्रमांकाने लाव. तुझं चौथं पान पाचव्यानंतर आलंय, म्हणून एका वकिलाचा युक्तिवाद तू कोर्टाची कारणमीमांसा म्हणून उतरवलास. 'असं म्हणणं मांडलं' आणि 'आमच्या मते' यातला फरक वाक्याच्या पहिल्या दोन शब्दांत कळतो, आणि तेच शब्द बहुतेक वेळा आधीच्या पानावर राहिलेले असतात.

मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिही: हिंदू वारसा दुरुस्ती कायदा लागू झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात नसतील, तर मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद, म्हणजे वाटेकरी, म्हणून हक्क मिळतो का? आता कारण शोध. हक्क जन्माने येतो, म्हणून वडील त्या दिवशी जिवंत असण्याची अट नाही. बस, एवढंच. तू अर्धं पान हकिकतीला दिलंस. इथे दोन ओळी पुरतात.

तारखा मूळ फोटो मोठा करून ताड. २० डिसेंबर २००४ ही वेगळी तारीख आहे, त्याआधी झालेल्या वाटण्यांना संरक्षण देणारी. तू दोन्ही एकच केल्यास.

आणि निकालात 'मुलगी जिंकली' लिहू नकोस. तीन न्यायमूर्तींनी कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आधीच्या फुलवती प्रकरणातलं उलट मत रद्द ठरवलं. अपिलं गुणदोषावर ऐकायला योग्य खंडपीठाकडे गेली.