फाऊल होतो म्हणून लगेच मार्क हलवू नको

भाऊ, लांब उडीत तू दर फाऊलनंतर रनअप सुरू करायचा मार्क मागे सरकवून राहिला ना, ते आधी बंद कर. मित्राला बोर्डजवळ बसव आणि प्रत्येक रनअपला बुटाचं टोक फाऊल लाइनच्या किती पुढे नाहीतर मागे पडलं ते सेंटिमीटरमध्ये वहीत लिही, फाऊल असो की नसो. समज आकडे आले ८, ११, ९, १० पुढे, तर तुझा रनअप मस्त सेट आहे, फक्त सुरुवातच पुढून होते, मार्क १५ सेंमी मागे घे म्हणजे टोक लाइनच्या साधारण ५ मागे पडेल. पण ३० मागे, १२ पुढे, ५ मागे, १८ पुढे असं आलं तर मार्क हलवून काहीच होणार नाही, गडबड पहिल्या स्टेप्समध्ये आहे. कधी चालत सुरू करतो, कधी उभ्याउभ्या, ते एकच ठेव, आणि चौथ्या स्टेपचा पाय कुठे पडतो तिथे टेप लावून तेही मोज. तिथेच फरक दिसला तर सुरुवात दुरुस्त कर. तिथे बरोबर आणि बोर्डवर गडबड, म्हणजे शेवटी बोर्डकडे बघून पाय ताणतोस. मानकापूरच्या ग्राउंडवर संध्याकाळी पाठीमागून वारा असला की स्टेप लांबते, म्हणून वारा पण लिहीत जा, त्या दिवसाचे आकडे वेगळे ठेव.