'करून'चं कृत्वा येतं, तरी गुण का जातात?

"मुलगी नववीत, जळगावला. 'करून' आलं की क्त्वा आणि 'केलं' आलं की क्त, एवढं तिला कळतं. तरी संस्कृत भाषांतरात विभक्तीचे गुण जातात. चूक कुठे होते?"

मी अमळनेरला संस्कृतच्या शिकवण्या घेतो. आमच्याकडच्या मुलांना त्वान्त अव्यय जड जात नाही. घरात अहिराणीतलं 'जाईसन', 'करीसन' ऐकलेलं असतं, तिथे गत्वा, कृत्वा बसवायचं. चूक होते ती शेजारच्या नामांमध्ये.

हे वाक्य घ्या: शेतकऱ्याने बैल विकून गाय घेतली.

मुलं लिहितात, 'कृषकः वृषभः विक्रीत्वा धेनुं क्रीतः'. अर्थ समजलेला आहे, पण रूपं बिघडली आहेत. आधी शेवटचं क्रियापद पाहायला सांगा. 'घेतली' हे गायीप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय आणि शेतकऱ्याला 'ने' लागलाय. संस्कृतात अगदी हेच होतं: कर्ता तृतीयेत, कर्म प्रथमेत, क्त-रूप कर्माच्या लिंग-वचनात. म्हणून कृषकेण धेनुः क्रीता. आता 'बैल विकून'. बैल हे फक्त विकण्याचं कर्म आहे, क्रीताशी त्याचा संबंध नाही, म्हणून द्वितीया. धातूला वि हा उपसर्ग आहे, म्हणून त्वा न लागता य लागतो:

कृषकेण वृषभं विक्रीय धेनुः क्रीता।

'आगत्वा'ही याच कारणाने चुकतं. आगत्य किंवा आगम्य हवं.

हा 'ने' मोठा आधार आहे. 'तो बैल विकून घरी गेला' यात 'ने' नाही, आणि गम् धातूचं क्त-रूप कर्तरी चालतं: सः वृषभं विक्रीय गृहं गतः।

पण मराठी दोन ठिकाणी फसवते, आणि माझ्या अनुभवात बरेचसे गुण तिथेच जातात. एक म्हणजे 'मी' आणि 'तू'. 'मी गाय घेतली' यात 'ने' दिसतच नाही, म्हणून मुलं अहम् लिहितात. हवं मया धेनुः क्रीता. 'मी'च्या जागी 'रामाने' घालून बघ म्हणावं, लपलेली तृतीया लगेच दिसते.

दुसरं म्हणजे कर्माला लागलेला 'ला'. 'शेतकऱ्याने गायीला पाहिले' म्हटलं की मराठीत भावे प्रयोग होतो, क्रियापद नपुंसकलिंगी राहतं आणि मुलं 'धेनुं दृष्टम्' लिहून मोकळी होतात. संस्कृतात कर्म असताना असं होत नाही: कृषकेण धेनुः दृष्टा. 'ला' खोडून 'गाय पाहिली' असं वाक्य करून मग भाषांतर करायला सांगा.

एक अडचण मात्र उरते. 'ती धडा शिकली' अशा वाक्यांत सकर्मक धातू असूनही मराठी 'ने' लावत नाही. संस्कृतात तया पाठः शिक्षितः असंच लिहावं लागतं. शिकणे, विसरणे ही क्रियापदं मी मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहून ठेवायला लावतो.