काजूच्या चिकाची ॲलर्जी आणि कोळंबीची ॲलर्जी एकच का?

प्रश्न: ओले काजूगर काढल्यावर दोन दिवसांनी बोटांवर खाजरे फोड आले. डॉक्टर म्हणाले, चौथ्या प्रकारची ॲलर्जी. भावाला कोळंबी खाल्ली की लगेच गांधी उठतात, तो म्हणे पहिला प्रकार. हे चार प्रकार आहेत तरी काय?

उत्तर: प्रतिकारशक्ती कोणतं हत्यार वापरते, त्यावरून हे प्रकार पडतात. पण घरी ओळखायचं तर आधी घड्याळ बघा.

भावाच्या शरीरात कोळंबीतल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार आहेत. ती प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. कोळंबी पोटात गेली की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्या पेशींतून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सुटतं. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे कालवण कितीही उकळा, उपयोग नाही. गांधींबरोबर धाप लागली, आवाज बसला किंवा चक्कर आली तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. गोळी देऊन वाट बघत बसू नका.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं थेट पेशींवरच चाल करतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बनलेली प्रतिपिंडं पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, ही प्रतिपिंडं बनूच नयेत यासाठी, अँटी-डीचं इंजेक्शन देतात.

तिसरा कोकणात माहीत असायलाच हवा. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून करतात. त्या परक्या प्रथिनाला आपली प्रतिपिंडं चिकटून गठ्ठे बनतात आणि ते सांध्यांत, कातडीत, मूत्रपिंडात अडकतात. लस घेतल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ येतं. लोकांना वाटतं विष पुन्हा उसळलं. तसं नसतं, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं. लस चालू असतानाच अंग खाजलं, धाप लागली, तर ती वेगळी, तातडीची गोष्ट.

आता तुमचे फोड. इथे प्रतिपिंडं नाहीत, प्रतिकारशक्तीच्या टी पेशी आहेत. काजूच्या टरफलातला तेलकट चीक कातडीत मुरतो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि टी पेशी त्याला ओळखून ठेवतात. पुढच्या वेळी त्या जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून उशीर. तोच चीक कातडी नुसती भाजतोही. फरक असा की भाजलं तर आग लवकर होते आणि ती पहिल्याच वेळी, कोणालाही होऊ शकते. ॲलर्जीत खाज जास्त, आणि ती उशिरा येते. बिब्बा आणि आंब्याचा चीक याच कुळातले, तेव्हा कैरीच्या देठालाही जपून.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने या फोडांवर फारसा फरक पडत नाही, कारण इथे खेळ हिस्टामिनचा नाही. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम लावा. कोयती आणि कपडे साबणाने नीट धुवा, त्यांवर तेल राहिलं तर काजू न सोलताही पुन्हा उठेल. गर खाऊन घसा खाजला किंवा ओठ सुजले, तर मात्र तो पहिला प्रकार समजा.