मोकळं घर हवं असेल तर आधी माळे मोजा

प्रश्न: नवीन टू बीएचकेसाठी मिनिमलिस्ट सजावट करावी की मॅक्सिमलिस्ट? आपल्या स्वभावाला आणि सामानाला काय शोभेल ते कसं ओळखायचं?

माझी धाकटी जाऊ माझ्या हॉलला ‘भंगारवाल्याचं दुकान’ म्हणते, त्यामुळे मी हे उत्तर तटस्थपणे लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

तिच्या घरी पांढऱ्या भिंती, एक सोफा, एक कुंडी. येणारा-जाणारा ‘किती प्रसन्न’ म्हणतो. पण तिचा लग्नातला डिनर सेट, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीचं मखर कुठे आहे? माझ्या माळ्यावर. मोकळ्या घराला बंद साठवण जास्त लागते, कमी नाही, हे कुणी सांगतच नाही. ज्या जपानी घरांचे फोटो बघून आपण हरखतो, त्यातल्या जुन्या सधन घरांत तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात एक चित्रपट्टी आणि थोडी फुलं असत हे खरं. पण बाकीच्या वस्तू जाड मातीच्या भिंतींच्या वेगळ्या कोठारात असत. त्याला कुरा म्हणतात. ऋतू बदलला की तिथून दुसरी पट्टी यायची. जाऊबाईंचा कुरा मी आहे.

आता माझं सामान. सासऱ्यांना अडकित्ते जमवायचा नाद होता. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली, कारण धाकटीकडे ‘जागा नव्हती’. सुरुवातीला मी ते टीव्हीखाली, पुस्तकांपुढे, खिडकीत असे जागा मिळेल तिथे ठेवले होते, आणि तेव्हा खरंच भंगार दिसायचं. मग पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. तिथे अडकित्ते अडकित्त्यांसोबत, दिवे दिव्यांसोबत मांडलेत. एका जातीच्या वस्तू एकत्र आल्या की डोळा त्यांना एकच मोठी गोष्ट म्हणून बघतो आणि मग त्यांच्यातले बारीक फरक शोधायला लागतो. इथे मोराची मान, तिथे घोड्याचं तोंड.

सुताराने नेहमीप्रमाणे पंधरा इंच खोल फळ्या सुचवल्या. मी सहा इंच करून घेतल्या. खोल फळीवर आपोआप दुसरी रांग लागते, मागची रांग कुणी बघत नाही आणि पुढचीही गर्दी वाटते. पाठीमागची प्लाय गडद हिरवी रंगवली, कारण पितळ पांढऱ्यावर फिकं पडतं. दिव्याची पट्टी फळीच्या पुढच्या काठाला आतून लावली. मागे लावली असती तर वस्तूंच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसल्या असत्या. समोरची अख्खी भिंत रिकामी ठेवली, एक कॅलेंडरसुद्धा नाही. भरगच्च घरालाही अशी एक भिंत लागतेच.

आणि हो, अडकित्ते चिंच-मिठाने घासायचे तर फक्त पितळी अंग घासा. पातं बहुतेकदा लोखंडाचं असतं, आंबट लागून ओलं राहिलं की दुसऱ्या दिवशी तांबूस. लगेच कोरडं पुसायचं आणि पात्याला मशीनच्या तेलाचं बोट लावायचं. पावसाळ्यात तर नक्कीच.

तुमचा स्वभाव ओळखायचा तर सोफ्यासमोरचं टेबल रविवारी पूर्ण रिकामं करा आणि गुरुवारी बघा. अजून रिकामं असेल आणि त्यासाठी कुणावर ओरडावं लागलं नसेल, तर मिनिमल घर तुम्हाला झेपेल. चाव्या, चार्जर, औषधांच्या गोळ्या जमल्या असतील तर पांढऱ्या घरात तुमचा रोज जीव जाईल. तिथे एक चार्जरही पसारा दिसतो, माझ्याकडे दहा खपतात.

सामानाचं बघायचं तर सगळं जातवार जमिनीवर मांडा. एखाद्या जातीचा ढीग मोठा निघाला आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुणाची, कुठून आली ते सांगता आलं, तर ती बाहेर मांडा. पंधरा प्रकारच्या दोन-दोन वस्तू निघाल्या, तर ती आवड नव्हे, नुसतं साचणं आहे. ते काढून टाका आणि मोकळं घर करा.

घरात रांगतं मूल असेल तर अडकित्त्यासारखी धारेची वस्तू उघड्या फळीवर नको. कुणाला धुळीने दमा होत असेल तर माझा सल्ला सोडून द्या, काचेच्या दाराचं कपाट करा. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा. आणि पुसायला कोण आहे? माझ्याकडे मीच आहे आणि मला ते आवडतं. बाईंच्या भरवशावर भरगच्च घर करू नका, त्या रजेवर गेल्या की आठवड्यात कळतं.

भिंतीचा रंग शेवटी ठरवा. आणि धाकटे, तू हे वाचशीलच, तुझं मखर घेऊन जा. मला त्या माळ्यावर सासूबाईंच्या समया ठेवायच्यात, बाहेरच्या फळीवर जागा होईपर्यंत.