आईची ठेव, मुलाचे खाते आणि पालकाची सही

प्रश्न : माझ्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, दाखल्यावर ७५ टक्के. तो १८ वर्षांचा झाला आणि बँकेने त्याच्या खात्यावर माझी सही घेणे थांबवले. मिस्टर हयात नाहीत. आई असून मला वेगळा कागद का लागतो? तो कुठे मिळेल? (बोरिवली)

आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व मूल सज्ञान होईपर्यंतच टिकते. आता बँकेच्या लेखी तुमचा मुलगा सज्ञान खातेदार आहे, आणि सज्ञान माणसाच्या खात्यावर दुसऱ्या कोणी सही करायची तर अधिकाराचा कागद लागतोच. शाखेचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर आहे.

तुम्हाला कोर्टात जावे लागणार नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार बाबतींत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तरीय समिती सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती असते. बोरिवली उपनगर जिल्ह्यात येते, म्हणून तुमचा अर्ज बांद्रा पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहणाऱ्यांनी फोर्टातल्या जुन्या जकात घरात जायचे. अर्जासोबत मुलाचा दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा व राहण्याचा पुरावा, दोघांचे फोटो आणि मिस्टरांचा मृत्यूचा दाखला जोडा. आईवडील दोघेही असतील तेव्हा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो.

अर्जात एका रकान्याकडे नीट लक्ष द्या. पालकत्व कशासाठी हवे, हे समिती पाहते. तिथे नुसते ‘देखभालीसाठी’ लिहून थांबू नका. ‘बँक खाते उघडणे व चालवणे, मुदत ठेव ठेवणे व मोडणे, अनुदान आणि पेन्शन स्वीकारणे’ असे स्पष्ट लिहा. प्रमाणपत्रात मालमत्तेचा उल्लेख नसेल तर शाखेत तेच कारण सांगून तुम्हाला परत पाठवतील.

खाते मुलाच्याच नावावर राहील, पुढे ‘तर्फे पालक’ म्हणून तुमचे नाव येईल. केवायसी दोघांची, पॅन मुलाचे. रिझर्व्ह बँकेने बँकांना हे प्रमाणपत्र ग्राह्य धरायला सांगितलेले आहे. तरीही कोणी कोर्टाची ऑर्डर मागितली तर नकार लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा तिथेच विषय शाखेतून वरच्या कार्यालयात जातो आणि सुटतो. लेखी नकार मिळालाच, तर बँकेकडे तक्रार करायला तोच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : आई ७९ वर्षांची, अल्झायमर आहे. आता मलाही ओळखत नाही. चार वर्षांपूर्वी तिने मला मुखत्यारपत्र दिले होते, पण बँक ठेव मोडू देत नाही. पेन्शन ३१ हजार, खर्च ४७ हजार. ठेवी तीन मिळून १८ लाख. बांद्र्याच्या समितीकडून काम होईल का? बहीण अमेरिकेत आहे. (विलेपार्ले)

नाही. म्हातारपणातला स्मृतिभ्रंश त्या चार अवस्थांत बसत नाही. मुखत्यारपत्रही आता उपयोगाचे नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची समजशक्ती गेली की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आईने ते करून ठेवले, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होते. घराघरांत हाच गैरसमज आहे आणि त्याची किंमत अशा ऐन गरजेच्या वेळी मोजावी लागते.

पूर्वी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या नव्या कायद्याने ती राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांच्या निर्णयांत मदत करतो, बँकेत त्याची सही चालत नाही. म्हणून अशा पेशंटचे नातेवाईक आज राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे, तुमचे वकील त्याचा आधार घेऊ शकतील.

आईवर उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचे प्रमाणपत्र हवे, आणि त्यात ‘आर्थिक व्यवहार समजण्याची क्षमता नाही’ हे स्पष्ट लिहिलेले असावे. कोर्ट बहुधा सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांकडूनही तपासणी करून घेते. बहिणीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मागवा. वारसांपैकी एकाची संमती नसली की प्रकरण रेंगाळते.

आता मागायचे काय? पेन्शन आणि खर्च यांत महिन्याला १६ हजारांची तूट आहे, वर्षाला १ लाख ९२ हजार. चार लाखांची एखादी ठेव मोडली तर साधारण दोन वर्षे निघतात. सगळ्या १८ लाखांवर हात टाकण्याची परवानगी मागण्यापेक्षा हा हिशेब ब्यूरोच्या बाईंच्या पावत्या, औषधांची बिले आणि सोसायटीची मेंटेनन्स बिले जोडून मांडा. गरज दिसली की न्यायालयालाही मंजुरी देणे सोपे जाते आणि उद्या बहिणीच्या मनातही शंका राहत नाही.

याचिकेत प्रत्येक खाते आणि ठेव शाखेचे नाव व क्रमांकासह लिहा. लॉकर, डीमॅट, पोस्टाची बचतही. आदेशात ‘सर्व खाती’ असे मोघम आले तर बँकेचा विधी विभाग अडवतो आणि राहून गेलेल्या खात्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आदेशाच्या प्रमाणित प्रती तीन-चार काढा.

तोवर आईचा अंगठा कोणत्याही कागदावर घेऊ नका. तिला कळत नसताना घेतलेला अंगठा कायद्यापुढे टिकत नाही, आणि दोष तुमच्या माथी येतो.

प्रश्न : बाबांचा उजवा हात पक्षाघाताने गेला, बोलणे अडखळते, पण डोके शाबूत आहे. पालक नेमावा का? (गिरगाव)

मुळीच नको. समजशक्ती असलेल्या माणसाला पालक लागत नाही. हात चालत नसेल तर विड्रॉवल फॉर्मवर त्यांचा अंगठा चालतो, बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या वरच्यांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे, शाखेत लेखी मागा.

बाबांना समजते आहे तोवरच त्यांच्या इच्छेने खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या. मुदत ठेवींचे वेगळे सांगावे लागते. मुदतीआधी ठेव मोडायची तर बँका सहसा दोघांच्या सह्या मागतात, म्हणून एका सहीवर मोडता येईल अशी सूचना ठेव ठेवतानाच लेखी द्या. वरच्या पत्रातल्या घरी हे वेळेत झाले असते तर उच्च न्यायालय गाठावे लागले नसते.

प्रश्न : समितीने मला धाकट्या भावाचा पालक नेमले. सोयीसाठी त्याचे पैसे माझ्या खात्यात घेऊन खर्च केले तर चालेल का? त्याच्या पश्चात ठेव माझीच ना? (डोंबिवलीत राहतो, भाऊ परळला)

पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची आहे, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, वर्षाचा हिशेब. त्याचा पैसा तुमच्या पगारात मिसळला की तो हिशेब लागत नाही. पैशांचा गैरवापर दिसला तर समिती पालकाला काढू शकते. त्याची फी, औषधे त्याच्याच खात्यातून चेकने किंवा ट्रान्सफरने द्या. रोख काढावीच लागली तर पासबुकातल्या त्या नोंदीशेजारी कारण लिहा आणि पावती टोचून ठेवा. व्याज हे त्याचे उत्पन्न, त्याच्याच पॅनवर.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू वाटेल, पण पालकाचा अधिकार त्या व्यक्तीच्या मृत्यूबरोबर संपतो. त्यानंतर तुमच्या सहीने एक रुपयाही काढता येत नाही, एटीएम कार्ड हाताशी असले तरी. पैसे नामनिर्देशित व्यक्तीमार्फत किंवा वारस म्हणून रीतसर दावा करूनच मिळतात, आणि इतर भावंडे असतील तर त्यांचाही त्यात वाटा असतो.