थायरॉईड स्कॅनचा हॉट-कोल्ड रिपोर्ट सोनोग्राफीशी जुळत नाही म्हणून घाबरू नका

ताई, थायरॉईडच्या गाठीचा स्कॅन आणि सोनोग्राफी, दोन्ही तपासण्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. सोनोग्राफी गाठीची रचना दाखवते: किती मोठी, भरीव की पाण्याची, कडा कशा, आत बारीक कॅल्शियमचे ठिपके आहेत का. ती गाठ हार्मोन बनवते का, हे सोनोग्राफीला कळत नाही. ते स्कॅन सांगतो. शिरेतून टेक्निशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन साधारण 20 मिनिटांनी फोटो काढतात. गाठीने ते जास्त ओढलं तर हॉट, ओढलं नाही तर कोल्ड.

समजा उजवीकडे 2.2 सेंमीची भरीव गाठ आहे आणि रक्तातलं टीएसएच 0.1, म्हणजे खूप कमी; ते कमी असणं हे थायरॉईड हार्मोन जास्त असल्याची खूण. स्कॅनमध्ये तीच गाठ ठळक आणि बाकी ग्रंथी फिकट दिसली, तर जास्तीचं हार्मोन तिथूनच येतंय. अशा गाठीत कॅन्सर क्वचितच, म्हणून सुईची तपासणी सहसा लागत नाही. कोल्ड म्हणजे कॅन्सर, हा मात्र गैरसमज; पाण्याची गाठही कोल्डच दिसते. तिथे पुढचं सोनोग्राफीवरून ठरतं. टीएसएच नॉर्मल असेल तर स्कॅनचा खर्च बहुधा वायाच.

नाशिकमध्ये स्कॅनची अपॉइंटमेंट घेतानाच थायरॉईडची गोळी, गर्भधारणा किंवा स्तनपान, आणि नुकताच झालेला कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन सांगा. कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनमुळे काही आठवडे अख्खी ग्रंथीच फिकट दिसू शकते.